आधी वाढवा, मग कमी करा

बॉयलरमधला दाब पाहायला एकच सेन्सर ठेवला, तर त्याच्या चुकीला जाब विचारणारं कुणी उरत नाही. दाब चढूनही तो गप्प राहिला तर स्फोटाची भीती, आणि उगाच बोंबलला तर चालता कारखाना बंद. म्हणून जिथे धोका मोठा, तिथे तीन सेन्सर लावतात. त्यांतल्या किमान दोघांनी धोका सांगितला, तरच इंधन बंद होतं.

हा निर्णय घेणारं सर्किट आपण तयार करू. सेन्सरना A, B, C म्हणू. धोका असेल तर १, नसेल तर ०. बूलियन बीजगणितात अधिक चिन्हाचा अर्थ ‘किंवा’, शेजारी लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ ‘आणि’, आणि A′ म्हणजे ‘A नाही’. किमान दोन सेन्सर १ असण्याचे प्रकार चारच: कोणतेही दोन, किंवा तिन्ही. ते जसेच्या तसे लिहिले की राशी मिळते:

F = A′BC + AB′C + ABC′ + ABC

हिच्यावरून थेट सर्किट जोडलं तर तीन नॉट गेट, तीन इनपुटांचे चार अँड गेट आणि चार इनपुटांचा एक ऑर गेट लागतो. एवढ्या साध्या निर्णयाला आठ गेट!

आता राशी लहान करू. मुख्य हत्यार असं: दोन पदं एकाच अक्षरात वेगळी असतील, एकीत ते सरळ आणि दुसरीत नकारासह, तर ते अक्षर गळून पडतं. पहिलं आणि शेवटचं पद घ्या. BC सामाईक काढलं की BC(A′ + A) उरतं. A असेल किंवा नसेल, तिसरं काही संभवत नाही, म्हणून कंस १ होतो आणि BC शिल्लक राहतं.

इथेच पुष्कळ विद्यार्थी अडकतात. ABC वापरून संपलं असं त्यांना वाटतं. उरलेली AB′C आणि ABC′ ही पदं दोन अक्षरांत वेगळी आहेत, त्यामुळे त्यांची जोडी जमत नाही. मग उत्तर BC + AB′C + ABC′ असं ठेवून देतात. ते चूक नाही, पण किमान रूप नाही.

वाट दाखवतो तो एक अगदी निरुपयोगी वाटणारा नियम: X + X = X. एखादी गोष्ट दोनदा सांगितली तरी ती तेवढीच खरी. हा नियम आपण नेहमी डावीकडून उजवीकडे वाचतो. तो उलटा वाचा: एका ABC च्या जागी तीन ABC लिहायला पूर्ण मुभा आहे. राशी आधी लांबते, पण आता उरलेल्या तिन्ही पदांना जोडीदार मिळतो:

F = BC(A′ + A) + AC(B′ + B) + AB(C′ + C)
F = AB + BC + AC

बारा अक्षरांची सहा झाली, नकार नाहीसे झाले. मला या विषयातली ही सर्वांत देखणी चाल वाटते.

पण याहून लहान होणार नाही कशावरून? तपासून पाहा. AB हे पद काढलं, तर A आणि B दोघंही १ आणि C ० असताना उत्तर ० येतं, म्हणजे धोका हुकतो. AB मधलं B काढलं, तर एकटा A १ झाला तरी इंधन तुटतं. बाकीच्या पदांनाही हीच कसोटी लागू पडते. म्हणजे ‘पदांची बेरीज’ या स्वरूपात आता काहीच कमी करता येत नाही. चार-पाच चलं झाली की नजरेने जोड्या शोधणं अवघड होतं. तिथे १९५३ मध्ये कार्नो यांनी मांडलेला नकाशा कामी येतो.

जॉर्ज बूलचं हे गणित मुळात तर्कासाठी होतं. स्विच आणि रिले यांच्या जोडण्यांनाही तेच नियम लागू होतात, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं. म्हणूनच आपली राशी सरळ सर्किट म्हणून वाचता येते. प्रत्येक जोडी एक अँड गेट; तिन्हींची उत्तरं एका ऑर गेटमध्ये. आठाऐवजी चार गेट.

दोन इनपुटांचेच गेट हाताशी असतील तर ऑर दोन लागतात, म्हणजे एकूण पाच. तेव्हा C सामाईक काढून AB + C(A + B) लिहिलं की दोन अँड आणि दोन ऑर, म्हणजे चारांत भागतं. मात्र ब्रेडबोर्डवर या बचतीने काही साधत नाही: 7408 चिपमध्ये चार अँड असतात, 7432 मध्ये चार ऑर, आणि पाच गेट असोत की चार, चिपा दोनच लागतात.

हेच रूप दुसरीकडे मात्र फार मोलाचं ठरतं. बेरीज करणाऱ्या सर्किटमध्ये पुढच्या घरात हातचा द्यायचा की नाही, याची राशीही हुबेहूब हीच आहे. तिथे A आणि B हे बेरजेचे अंक, आणि C आधीच्या घरातून आलेला हातचा, जो सर्वांत उशिरा पोहोचतो. तो येईपर्यंत AB आणि A + B तयार झालेले असतात, त्यामुळे C ला फक्त एक अँड आणि एक ऑर ओलांडावा लागतो.