दोन थेंबांतली सहा घरं

ब्युरेटच्या टोकाला लोंबकळणारा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. असे वीस थेंब जमले की एक मिलिलिटर होतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि आम्लारी एकमेकांत मिसळताना पहिले चारशे-साडेचारशे थेंब कोणी मोजत नाही. शेवटच्या दोन थेंबांशी मात्र सगळ्यांची गाठ पडते.

उदाहरण नेहमीचंच घेऊ. शंकुपात्रात २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, ०.१ मोलार. ब्युरेटमध्ये तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड. २४.९५ मिलिलिटर आम्लारी सोडली, म्हणजे आम्ल जेमतेम एका थेंबाने जास्त राहिलं. आता मिश्रणाचा सामू, म्हणजे पीएच किती?

पुष्कळ मुलं पटकन ‘सात’ म्हणतात. काही जण हिशेबही मांडतात: आम्लाचा सामू १, आम्लारीचा १३, सरासरी ७. ही सरासरी डोक्यातून काढायलाच हवी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली ती लॉगवर. सामूचं एक घर ओलांडलं की हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट बदलतं. म्हणून सामू १ आणि सामू १२ असलेली द्रावणं समसमान मिसळली तर उत्तर साडेसहा येत नाही, १.३५ येतं. पहिल्यात आम्लाचा साठा दुसऱ्यातल्या आम्लारीच्या दहापट आहे. दुसरं द्रावण त्याचा फक्त दहावा हिस्सा खाऊन संपतं.

मिसळायचे आहेत ते कण, सामू नव्हे. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, म्हणजे पाण्यात ते पुरतं फुटतं. जेवढे रेणू तेवढे हायड्रोजन आयन. सोडियम हायड्रॉक्साइडचंही तसंच. हे दोन्ही आयन भेटले की एकास एक जोडीने पाणी होतं. सोडियम आणि क्लोराइड नुसते बघे. तेव्हा आधी किती कण होते ते काढायचं, जोड्या लावून टाकायच्या आणि उरलं काय ते पाहायचं.

आम्ल: २५.०० × ०.१ = २.५०० मिलिमोल. आम्लारी: २४.९५ × ०.१ = २.४९५ मिलिमोल. वजाबाकी ०.००५ मिलिमोल. उरलेले हे कण आता फक्त आम्लाच्या पाण्यात नाहीत, दोन्ही द्रावणांच्या एकत्रित ४९.९५ मिलिलिटरमध्ये पसरले आहेत. ०.००५ भागिले ४९.९५ म्हणजे ०.०००१ मोलार. त्याचा सामू ४.

वर्गात चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली, एकूण आकारमान विसरून २५ ने भागणं. मग उत्तर ३.७ येतं, फरक ०.३ चा, म्हणजे बरोबर दुपटीचा, आणि त्यावरूनच चूक ओळखता येते. दुसरी जास्त घातक. कुणी २.४९५ चं ‘अंदाजे २.५’ करून टाकतो. एरवी या गोलाईने काही बिघडत नाही. इथे वजाबाकी जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची आहे. गोल केल्याबरोबर बाकी शून्य होते आणि सामू ७. ज्या आकड्यासाठी सगळा खटाटोप, नेमका तोच पुसला जातो. वजाबाकी होईपर्यंत एकही दशांश टाकू नका. (आम्लारी म्हणून चुन्याची निवळी असेल तर एका रेणूमागे दोन हायड्रॉक्साइड मोजायचे, एवढंही ध्यानात असू द्यावं.)

आणखी एक थेंब सोडला की २५ ला २५, सामू ७. त्यापुढचा थेंब पडला की ०.००५ मिलिमोल आम्लारी उरते. तीही ५०.०५ मिलिलिटरमध्ये पसरून सुमारे ०.०००१ मोलार. हिशेब आता हायड्रॉक्साइडचा आहे, म्हणून ४ हा आकडा चौदातून वजा करायचा: सामू १०. दोन थेंबांत सहा घरं. तुलनेसाठी, सुरुवातीपासून २४ मिलिलिटर आम्लारी ओतली तेव्हा सामू १ वरून कसाबसा २.७ झाला होता.

चौदातून वजाबाकी हा २५ अंश सेल्सिअसचा नियम आहे. एप्रिलमधल्या आपल्याकडच्या प्रयोगशाळेत पारा चाळिशीला टेकला की चौदाच्या जागी सुमारे १३.५ येतात आणि उदासीन पाण्याचा सामूही ६.८ च्या आसपास उतरतो. पुस्तकी गणितात हे येत नाही, यंत्राच्या पडद्यावर येतं.

आता मला खरी गंमत वाटते ती गोष्ट. कागदावरचा ४ हा सामू काचेच्या भांड्यात मिळेल का? २५ मिलिलिटरच्या ‘ब’ वर्गाच्या पिपेटला मानकांनुसार ०.०६ मिलिलिटर इकडेतिकडे चालतं. म्हणजे आपण २५ समजलेलं आम्ल प्रत्यक्षात २४.९४ असू शकतं किंवा २५.०६. पहिल्या बाबतीत २४.९५ मिलिलिटर आम्लारी आधीच जास्त झाली. हिशेब केला तर सामू ९.३. दुसऱ्या बाबतीत सामू ३.७. पिपेट तीच, हात तोच, कृतीही तीच. मिश्रण आम्लधर्मी की आम्लारिधर्मी हेच सांगता येत नाही. ब्युरेटच्या वाचनातली चूक तर अजून धरलेलीच नाही. गणित चुकलेलं नाही. ते दिलेल्या आकड्यांचं उत्तर देतं, आणि जादा भाग मोजमापाच्या चुकीएवढाच लहान असेल तर त्या उत्तराला भांड्यात अर्थ उरत नाही. म्हणून प्रश्नपत्रिकेत सामू ४ लिहावा, प्रयोगवहीत मात्र तो ‘मोजला’ म्हणून लिहू नये.

हाच दोष अनुमापनात उलटा होऊन उपयोगी पडतो. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतं ते साधारण ८.२ ते १० सामूच्या दरम्यान, सातला नव्हे. मग आपण उशिरा थांबत नाही का? थांबतो, पण किती उशिरा ते पाहा. या मिश्रणात सामू ९ करायला लागणारी जास्तीची आम्लारी ०.००५ मिलिलिटर, म्हणजे थेंबाचा दहावा हिस्सा. सामू कितीही बेभरवशाचा असला तरी ब्युरेटवरचं वाचन जागचं हलत नाही. त्यासाठीच शेवटी नळी उघडी न ठेवता अर्धा थेंब टोकावर आणायचा, काचेला टेकवायचा आणि धुण्याच्या बाटलीतल्या पाण्याने खाली उतरवायचा. त्या पाण्याने उरलेल्या कणांची संख्या बदलत नाही. फक्त भागाकार थोडा बदलतो.

जादा भाग याहूनही खूप लहान असेल, समजा दहा कोटीत एक मोलार आम्ल, तर साधं सूत्र सामू ८ सांगेल. आम्ल घालून पाणी आम्लारिधर्मी कसं होईल? तिथे पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबात धरावे लागतात आणि खरं उत्तर ६.९८ येतं. उरलेली संहती दशलक्षांश मोलारच्या खाली गेली की सूत्राच्या भरवशावर राहू नये.

आणि फिकट गुलाबी रंग आल्यावर वाचन लगेच लिहून ठेवा. पाच-दहा मिनिटांनी पात्र पुन्हा पांढरं दिसलं तर आणखी थेंब सोडू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याने तुमचा तो जास्तीचा अर्धा थेंब खाल्लेला असतो.