रोजंदारीची हजेरीवही

पुण्याभोवतालच्या मळ्यांत खुरपणीच्या दिवसांत मजुरीचे तंटे होतात, ते बहुधा अर्ध्या रोजावरून व उचलीवरून. याकरिता दर कामापूर्वीच सांगावा. तो सरकारी किमान दराहून कमी नसावा. समान कामास स्त्रीपुरुषांस समान मजुरी देणे १९७६ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. हजेरी रोज सायंकाळी मजुरासमक्ष मांडावी. आठवड्याअखेर आठवून मांडलेली वही व्यर्थ होय. पूर्ण रोजास १, अर्ध्यास ½ लिहावे. उचल निराळ्या रकान्यात, तारखेसह. समजा, दर ५०० रुपये असून पाच पूर्ण व एक अर्धा रोज भरला, तर मजुरी २,७५० रुपये. उचल ६०० वजा जाता देणे २,१५०. हा हिशेब बाजाराच्या दिवशी वाचून दाखवावा व रोकड हाती दिल्यावरच सही किंवा अंगठा घ्यावा. कोऱ्या रकान्यापुढे आधीच घेतलेला अंगठा हा पुरावा नव्हे.