पुनर्प्रवेशाचा अर्ज : समिती काय तपासते?

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्याला ४.० पैकी किमान २.० जीपीए, म्हणजे सरासरी ‘सी’ श्रेणी, राखावी लागते. सरासरी त्याखाली गेली की सहसा आधी ‘प्रोबेशन’ची, म्हणजे सुधारण्याची मुदत मिळते. त्या मुदतीतही ती वर आली नाही, तर विद्यार्थ्याचे नाव कमी केले जाते. आपल्याकडे एटीकेटी मिळणार की वर्ष वाया जाणार, हे नियमानेच ठरते. तिथे मात्र अशा विद्यार्थ्याला परत घ्यायचे की नाही, हे अनेकदा प्राध्यापक आणि डीनच्या कार्यालयातील अधिकाऱ्यांची समिती ठरवते. तिच्यापुढे निवेदन, पुरावे आणि परतल्यानंतरच्या अभ्यासाचा आराखडा ठेवावा लागतो.

समिती सर्वप्रथम निवेदनातले कारण गुणपत्रिकेशी ताडून पाहते. आजारपणामुळे नापास झाल्याचे लिहिले असेल, तर त्याच सत्रात सगळे विषय एकदम घसरलेले दिसायला हवेत. आजारपणाच्या आधीची दोन सत्रेही कच्चीच असतील, तर खरे कारण दुसरेच आहे, हे अनुभवी वाचकाच्या ध्यानात येते. फक्त गणित आणि त्यावर आधारलेले विषयच राहिले असतील, तर अडचण पायाची असते. अशा वेळी ‘यापुढे जास्त मेहनत करीन’ हे वाक्य कितीही मनापासून लिहिले, तरी त्याने काहीच बदलत नाही. कारण दूर झाले आहे का आणि ते कशावरून, हे समितीला कळायला हवे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने ४५ क्रेडिट्सचे विषय घेतले आणि त्याचा जीपीए १.६० झाला. क्रेडिटला श्रेणीच्या अंकाने गुणले की श्रेणीगुण मिळतात. त्याचे झाले ७२. सरासरी २.० होण्यासाठी ९० हवे होते, म्हणजे १८ गुणांची तूट. पुढच्या विषयांत ‘बी’ (३.०) मिळाली, तर दर क्रेडिटमागे एक गुण भरून निघतो, आणि सगळी तूट फिटायला १८ क्रेडिट्स, म्हणजे साधारण दीड सत्र लागते.

पण त्याचे कॅल्क्युलस ‘एफ’ आणि रसायनशास्त्र ‘डी’ आहे, दोन्ही चार-चार क्रेडिट्सचे. पुन्हा घेतलेल्या विषयाची नवी श्रेणी जुनीची जागा घेईल असा विद्यापीठाचा नियम असेल आणि दोन्हींत ‘बी’ मिळाली, तर १२ आणि ८ मिळून २० गुण वाढतात. एकूण ९२ गुण, जीपीए २.०४, म्हणजे तूट एका सत्रात फिटते. दोन्ही श्रेणी मोजण्याचा नियम असेल, तर मात्र त्याच आठ क्रेडिट्सनी फक्त आठ गुण भरून निघतात. नियम वाचून केलेला हा हिशेब आराखड्यात दिसला, की अर्जदाराला आपली स्थिती नेमकी कळली आहे हे समितीला पटते.

आता कारण. हा विद्यार्थी रात्रपाळीत आठवड्याला ३२ तास काम करत होता. आराखड्यात तास १२ वर आणल्याचे मालकाचे पत्र हवे, घटलेल्या कमाईची सोय हवी आणि विषय पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या किमान मर्यादेइतकेच, म्हणजे १२ क्रेडिट्सचे हवेत. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले तर तो कोणाकडे, किती दिवसांत जाणार, हेही लिहिलेले असावे. उलट, गेलेला वेळ भरून काढायला पहिल्याच सत्रात १८ क्रेडिट्स घेतलेला आराखडा पाहिला, की जुनीच चूक पुन्हा होणार अशी शंका येते.

मधल्या काळात कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेले विषय तयारीचा चांगला पुरावा ठरतात. मात्र अनेक विद्यापीठे तिथली फक्त क्रेडिट्स धरतात, श्रेणी जीपीएत मिळवत नाहीत. त्यामुळे तिथे सगळीकडे ‘ए’ मिळूनही तूट तशीच राहू शकते. तिथली गुणपत्रिका लपवणे तर अर्जच बाद करू शकते.

गुण चांगले असूनही आजारपणामुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे काही वर्षे बाहेर राहिलेल्यांचे प्रश्न वेगळे असतात. उपचार कुठवर आले आणि पूर्ण अभ्यास झेपेल का, याचे डॉक्टरांचे पत्र लागते. अभ्यासक्रम बदललेला असेल, तर जुन्यातले कोणते विषय चालतील, हे विभागाकडून आधी लेखी घ्यावे. थकलेली फी अर्ज अडवू शकते.

महाराष्ट्रातून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. समितीने परत घेतले म्हणजे व्हिसाचा दर्जा आपोआप परत मिळत नाही. पाच महिन्यांहून जास्त खंड पडला असेल, तर सहसा नव्या आय-२० पासून सुरुवात करावी लागते. सरकारी शिक्षण-साहाय्य घेणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांनाही ते पुन्हा सुरू करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागू शकतो. म्हणून अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच या दोन्ही कार्यालयांत चौकशी करावी लागते.