दुकानाच्या रीलला गाणं का मिळत नाही?

पैठणीच्या एखाद्या दुकानाचं इन्स्टाग्राम खातं घ्या. मालकीणबाई आजवर ते वैयक्तिक म्हणून चालवत होत्या. पदर उलगडतानाच्या रीलमागे गाजलेलं चित्रपटगीत वाजायचं. पुढे जाहिराती करणं सोपं जावं म्हणून त्यांनी खातं व्यावसायिक केलं आणि ते गाणं यादीतून गायबच झालं. उरले ते कधी न ऐकलेले सूर. दोन-तीन जुन्या रीलही मुक्या झाल्या.

ॲप बिघडलेलं नाही. गाण्यावर मुळात दोन हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. गाणं चित्राला जोडायचं तर दोन्हीकडून परवानगी लागते. वैयक्तिक खात्यांसाठी ती आपल्या वतीने मेटाने घेऊन ठेवली आहे. टी-सीरीज, सारेगामा अशा कंपन्यांशी तिचे तसे करार आहेत. पण हे करार हौसेपुरते. विक्रीसाठी गाणं वापरायचं असेल, तर ब्रँड कोणता, जाहिरात कुठे आणि किती दिवस चालणार, हे पाहून कंपनी भाव ठरवते. ही कमाई ती घाऊक करारात कशाला सोडेल?

‘ॲपनेच गाणं दिलं’ हा बचाव अमेरिकेत एकाने करून पाहिला आहे. ‘बँग’ या एनर्जी ड्रिंकच्या टिकटॉक व्हिडिओंवरून युनिव्हर्सल आणि सोनी यांनी २०२१ मध्ये दावे लावले. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयाने कंपनीलाच हक्कभंगासाठी जबाबदार धरलं.

तरी पळवाटा शोधल्या जातातच. खातं ‘क्रिएटर’ केलं की गाणी बहुधा परत दिसू लागतात. पण यादीत गाणं दिसलं म्हणजे विक्रीसाठी ते वाजवायची मुभा मिळाली, असं होत नाही. अशी रील पैसे भरून ‘बूस्ट’ करायला गेलं की ॲप अडवतं, तेव्हा हे कळतं. गाणं आधीच व्हिडिओत मिसळून चढवलं, तर यंत्रणा ध्वनी जुळवून ओळखते आणि आवाज बंद करते. खाली गायकाचं नाव लिहून काही साधत नाही. पंधरा सेकंदांपर्यंत चालतं, ही तर निव्वळ ऐकीव गोष्ट.

सरळ मार्ग म्हणजे मेटाच्या ‘साउंड कलेक्शन’मधलं संगीत, किंवा स्थानिक संगीतकाराकडून लेखी करार करून घेतलेली नवी धून. जुनंच गीत नव्या गायिकेकडून गाऊन घेतलं, तर फक्त ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो. शब्द आणि चालीचा हक्क भारतीय कायद्यानुसार कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गदिमा १९७७ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. म्हणजे ‘गीतरामायणा’चे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाली २०६२ अखेरपर्यंत परवानगीशिवाय दुकानाच्या जाहिरातीत घेता येणार नाहीत.