४० टक्के कुठे गेले?

मार्च महिना लागला की कारखान्यांत आणि कचेऱ्यांत एक फॉर्म फिरतो, सेल्फ अप्रेझलचा. वर्षभरात काय केलं, कुठे कमी पडलो, हे आपलं आपणच लिहायचं. मी बरीच वर्षं एचआरमध्ये होते, असे शेकडो फॉर्म वाचले. ‘दिलेली सर्व कामे वेळेत व प्रामाणिकपणे पार पाडली’ हे वाक्य तर इतक्यांदा वाचलंय की ते आता डोळ्यांना दिसतच नाही.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला असलेला एक मुलगा मात्र आकडा घेऊन आला होता. “मॅडम, कस्टमरच्या तक्रारी ४० टक्के कमी केल्या मी.” आदल्या वर्षी २० होत्या, यंदा १२. हिशेब चोख होता. मी एवढंच विचारलं, “माल किती गेला?”

आदल्या वर्षी ८ लाख ब्रॅकेट गेले होते. यंदा ऑर्डर घटल्या आणि ५ लाखच गेले. म्हणजे दर १० लाख नगांमागे तक्रारी आधी २५ होत्या, आता २४. ४० टक्के तिथल्या तिथे विरघळले. मुलाचा चेहरा पडला.

अशा वेळी लोक आकडा खोडून पुन्हा ‘मनापासून काम केले’वर येतात. ते करू नये, आकडा फोडावा. आम्ही तक्रारींची यादी काढली आणि कारणं वेगळी केली. बरच्या तक्रारी ९ वरून २ वर आल्या होत्या. बर म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर. पंच झिजला की ती वाढते. या मुलाने रोज बर मोजून टिपून ठेवली होती आणि ३० हजार स्ट्रोकनंतर ती हाताबाहेर जाते, हे टूलरूमला दाखवलं होतं. तोवर पंचाला धार लागायची ५० हजारांनी. ऑगस्टपासून ती ३० हजारांनी लागू लागली. शिवाय चालेल तो आणि चालणार नाही तो, असे दोन नमुने त्याने प्रेसपाशी टांगले. यंदाच्या दोन्ही तक्रारी ऑगस्टच्या आधीच्या होत्या.

ही खरी कमाई, आणि ती ‘४० टक्क्यां’खाली गाडली गेली होती. फॉर्ममध्ये शेवटी असं उतरलं: ‘बरच्या तक्रारी दर १० लाख नगांमागे सुमारे ११ वरून ४ वर. ऑगस्टनंतर एकही नाही. मोजमाप आणि नमुने माझे. धार लावण्याचं वेळापत्रक टूलरूमने बदललं.’ टूलरूमचा उल्लेख त्याला नको होता. पण त्याच टेबलावर टूलरूमवाल्यांचाही फॉर्म येणार होता. दोघांनी एकच काम एकट्याच्या नावावर लावलं, की दोघांचंही खरं वाटत नाही.

आता दुसरा रकाना, सुधारणेचा. तिथे त्याने लिहिलं होतं, ‘मी कामात फारच बारकाई करतो.’ हा दुर्गुण निम्म्या महाराष्ट्राला असावा, इतक्या फॉर्मांत तो सापडतो. पण यादी समोरच होती. डाव्या आणि उजव्या ब्रॅकेटच्या पेट्यांवर लेबलं उलटी लागण्याच्या तक्रारी ३ वरून ६ झाल्या होत्या, तेही माल कमी असताना. पॅकिंगची शेवटची तपासणी त्याच्याकडेच. सहापैकी चार चुका नव्या मुलांच्या हातून झाल्या होत्या. या मुलांना दोन्ही ब्रॅकेटमधला फरक त्याने तोंडी सांगितला आणि तो पुढे निघून गेला. प्रेसपाशी नमुना टांगणाऱ्याने पॅकिंगच्या टेबलावर मात्र काहीच लावलं नव्हतं.

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “मला स्वतः करायला जमतं हो. दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की कंटाळा येतो.” मी म्हटलं, हेच लिही. त्याने लिहिलं: ‘नव्या मुलांना शिकवण्यात कमी पडलो, त्यामुळे लेबलांच्या तक्रारी वाढल्या. एप्रिलमध्ये पॅकिंगच्या टेबलावर डाव्या-उजव्याचे नमुने लावेन. नवीन माणसाच्या पहिल्या ५० पेट्या त्याच्यासोबत तपासेन. शिकवावं कसं, याचं प्रशिक्षण मिळावं.’

कबुली कितपत द्यायची, हा प्रश्न रास्त आहे. साहेब चांगला नसेल तर हाच कागद उलटतोही. माझा ठोकताळा असा: जी चूक रेकॉर्डवर आहे ती आपणच, कारणासकट लिहावी, ती लपत नाहीच. स्वभावाचे पाढे मात्र वाचू नयेत. ‘मी आळशी आहे’ लिहून कुणाचंच भलं होत नाही.

आणि रेटिंग फक्त या कागदावर ठरत नाही. सगळ्या विभागांचे साहेब एकत्र बसतात, वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्या असतात, आणि आपण त्या खोलीत नसतो. तिथे आपल्या साहेबाच्या हाती असतात आपणच लिहिलेली दोन-चार वाक्यं. ‘प्रामाणिकपणे पार पाडली’ हे घेऊन तो काय भांडणार?

त्या मुलाला त्या वर्षी मधलीच श्रेणी मिळाली. जूनमध्ये पॅकिंगला सहा नवी मुलं आली, तेव्हा त्यांना शिकवायचं काम साहेबांनी त्याच्याकडे दिलं.