लसूण सोलताना आणि लसूण हिरवा होताना

लोणच्यासाठी किलोभर लसूण सोलायला बसण्याआधी तो हातात घेऊन पाहावा. साल करकरीत वाळलेली आणि पाकळ्या एकमेकींपासून सुटू लागलेल्या असतील तर काम झपाट्याने होते. फाल्गुन-चैत्रात बाजारात येणाऱ्या नव्या लसणाची साल मात्र ओलसर असते आणि ती पाकळीला चिकटून बसते. तिथे कोणतीही युक्ती फारशी चालत नाही. असा लसूण आधी हवेशीर जागी वाळू द्यावा.

मोठ्या प्रमाणात सोलायला मला आपल्या घरांतली जुनी पद्धतच सर्वांत भरवशाची वाटते. गड्डे फोडून पाकळ्या परातीत पसरायच्या, किलोला दोन चमचे तेल हाताने चोळायचे आणि परात दोन-तीन तास कडक उन्हात ठेवायची. साल कुरकुरीत होऊन बुडाशी सुटते. मग पाकळ्या जाड फडक्यात घेऊन हलक्या हाताने चोळायच्या आणि सुपात पाखडायच्या. बरीचशी साल उडून जाते, उरलेली बोटांनी निघते.

कोमट पाण्यात अर्धा तास भिजवूनही साल सहज निघते. पण त्या पाकळ्या लोणच्यात घालायच्या असतील तर फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर बरणीत बुरशी धरते. दोन पातेली एकमेकांवर पालथी घालून पाकळ्या आत जोरजोरात हलवणे हा सर्वांत झटपट उपाय. वाळलेल्या लसणाला तो लागू पडतो, पण त्यात पाकळ्यांना मार बसतो. रोजच्या फोडणीला त्याने काही बिघडत नाही. लोणच्याला बिघडू शकते, कारण लसणाचा रंग बदलण्याची सुरुवात पाकळीला झालेल्या इजेतूनच होते.

अख्ख्या पाकळीत गंधकयुक्त द्रव्ये आणि ॲलिनेज नावाचे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी चिरली, ठेचली किंवा आंबट रसात मुरून तिच्या पेशींचे पडदे सैल झाले की ती एकत्र येतात. लसणाचा उग्र वास याच भेटीतून निघतो. त्या द्रव्यांपैकी एक आहे आयसोॲलिइन. त्यापासून तयार होणारे पदार्थ लसणातल्याच अमिनो आम्लांशी जोडले जातात आणि पायरोल नावाची छोटी कडी बनते. अशा काही कड्या एकमेकींत गुंफल्या गेल्या की निळा रंग दिसतो. सोबत पिवळे रंगद्रव्यही बनत असल्याने बहुतेकदा तो हिरवा भासतो, आणि हळदीच्या लोणच्यात तर हिरवाच. कांदा वाटून ठेवल्यावर कधीकधी गुलाबी होतो, तोही याच कुळातल्या प्रक्रियेने.

मग एकाच कृतीने घातलेली एक बरणी हिरवी होते आणि दुसरी पांढरी राहते, हे कसे? बहुतेक वेळा फरक साठवणीचा असतो. थंडीत राहिलेला लसूण कोंब फुटण्याची तयारी करू लागतो आणि त्यात आयसोॲलिइन वाढते. समजा, शीतगृहातून आलेला किलोभर लसूण आणखी काही आठवडे फ्रिजमध्ये राहिला. मग तो सोलून, पाकळ्या अर्ध्या चिरून त्यावर लिंबाचा रस पिळला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिरलेल्या कडांवर निळसर छटा उमटली, तर नवल नाही. थंडी, इजा आणि आंबट रस या तिन्ही गोष्टी तिथे जुळून आल्या.

तोच लसूण आधी तीन-चार आठवडे उबदार, कोरड्या जागी ठेवला असता तर रंग येण्याची शक्यता बरीच घटली असती. तेवढा वेळ नसेल तर अख्ख्या पाकळ्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून किंवा तेलात परतून आतपर्यंत गरम कराव्यात. विकर निकामी होते. मग पाकळ्या कोरड्या करून, निवल्यावर लिंबू घालावे. यात लसणाचा झणझणीतपणा मात्र जातो. शिवाय अर्धवट उष्णता उलटी पडते. विकर जिवंत असताना पाकळी मऊ झाली तर रंग अधिकच येतो. लसणाची पेस्ट मंद आचेवर तापताना कधीकधी हिरवी पडते ती म्हणूनच.

हा रंग खाण्याला निर्धोक आहे. उत्तर चीनमध्ये तर तो मुद्दाम आणतात. तिथल्या चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यातल्या अष्टमीला लसूण व्हिनेगरमध्ये घालतात. या लसणाला लाबा लसूण म्हणतात. तो पाचूसारखा हिरवा झाला की नववर्षाच्या मोमोंसारख्या पदार्थाबरोबर खातात. त्यासाठी थंडीत राहिलेला लसूणच निवडतात.

टाकून द्यायचा तो बुरशीचा हिरवा. रासायनिक रंग पाकळीच्या अंगात मुरलेला असतो, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि पुसून रंग जात नाही. बुरशी मात्र वर लवेसारखी किंवा भुकटीसारखी दिसते, बोटाला लागते आणि कुबट वास मारते. पाकळीच्या मधोमध दिसणारा हिरवा कोंब तिसराच. तो थोडा कडवट लागतो, इतकेच. सोललेला कच्चा लसूण आंबटाविना नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नये, मग तो कितीही पांढराशुभ्र दिसो. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बॉट्युलिझमचे जीवाणू तिथे रंग, वास काही न बदलता विष तयार करू शकतात. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या लसणामुळेच अशी विषबाधा झाली होती. असे तेल फ्रिजमध्येच ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.