दोनदा मोजलं तरी चालतं

आठ आकड्यांची रांग घ्या: 7, 2, 9, 4, 6, 1, 8, 5. क्रमांक शून्यापासून. रांगेच्या कुठल्याही सलग तुकड्यातला सर्वांत लहान आकडा कोणता, हा प्रश्न लाखो वेळा येणार आहे आणि आकडे मधे बदलणार नाहीत. दर वेळी तुकडा चाळत बसणं परवडत नाही, आणि प्रत्येक तुकड्याचं उत्तर आधीच लिहून ठेवायचं तर दहा लाख आकड्यांसाठी पाचशे अब्ज नोंदी होतात. स्पार्स टेबल यांतल्या मोजक्याच ठेवतं: लांबी 1, 2, 4, 8 अशी दुप्पट होत जाणाऱ्या तुकड्यांच्या.

दोन लांबीची ओळ अशी निघते: 2, 2, 4, 4, 1, 1, 5. चार लांबीची ओळ काढताना मूळ आकड्यांकडे वळावं लागत नाही. या ओळीतल्या दोन घरं अंतरावरच्या नोंदींतली लहान ती घ्यायची: 2, 2, 1, 1, 1. आठ लांबीची एकच, 1. मूळ रांग धरून नोंदी एकवीस.

आता क्रमांक 2 ते 4 विचारा, म्हणजे 9, 4, 6. लांबी तीन, आणि तीनची ओळच नाही. मग तीनात मावणारी सर्वांत मोठी लांबी, दोन, घेऊन एक तुकडा डाव्या टोकाला लावायचा, दुसरा उजव्या.

```
k = lg[r-l+1]
ans = min(st[k][l], st[k][r-(1<<k)+1])
```

9, 4 चं उत्तर 4, आणि 4, 6 चंही 4. मधला 4 दोन्हींकडे आला, पण लहानाच्या शोधात त्यानं काही बिघडत नाही. तुकडा कितीही लांब असो, काम दोन नोंदी वाचण्याचं. बेरजेला मात्र हे चालत नाही: 13 आणि 10 मिळून 23, खरी बेरीज 19.

सगळं `k` वर अवलंबून असल्यानं `lg` चा तक्ता पूर्णांकांतच भरावा, `lg[i] = lg[i/2] + 1`, सुरुवात `lg[1] = 0`. चूक झाली तर उत्तरच सांगतं: तुकड्यात नसलेला, अपेक्षेपेक्षा लहान आकडा आला तर `k` मोठा झाला आणि वाचन हद्दीबाहेर गेलं, उत्तर मोठं आलं तर बहुधा `k` लहान पडला आणि मधे फट राहिली.

मायकेल बेंडर आणि मार्टिन फराख-कोल्टन यांनी 2000 साली झाडातल्या दोन गाठींचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज शोधण्यासाठी हे वापरलं. झाड एकदा फिरून प्रत्येक पावलाची खोली लिहिली, की प्रश्न लहानात लहान खोलीचा उरतो. स्पार्स टेबल जागा मात्र खातं: दहा लाख आकड्यांना वीस ओळी, चार बाइटच्या आकड्यांचे साधारण 80 एमबी. त्या दोघांनी रांगेचे छोटे गट पाडून तीही कमी केली, पण रोजच्या कामात इतकी खटपट क्वचितच कुणी करतं.

आणि आकडा बदलला तर? आपल्या रांगेत क्रमांक 3 चा आकडा बदला. एकवीसपैकी आठ नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात. रांग वाढली की हा आकडाही रांगेच्याच प्रमाणात वाढतो. आकडे बदलणार असतील तिथे सेगमेंट ट्री घ्यावं, प्रश्नाला थोडा जास्त वेळ लागला तरी.